लॉट किती? जास्तीत जास्त तोट्यातून उत्तर काढण्याची रीत

ऑप्शनचा सौदा टाकताना मोबाइलच्या पडद्यावर तीन-चार गोष्टी भरायच्या असतात. कोणता निर्देशांक किंवा शेअर, कोणती स्ट्राइक, कोणती एक्स्पायरी, आणि शेवटी किती लॉट. पहिल्या तीन गोष्टींवर माणसे तासन्‌तास घालवतात. आलेख पाहतात, बातम्या वाचतात, मित्रांना फोन करतात. चौथ्या चौकटीत मात्र मनात येईल तो आकडा जातो, किंवा खात्यात शिल्लक असलेल्या पैशात बसतील तेवढे लॉट. खरे तर पहिल्या तिन्ही निर्णयांचे फळ बाजाराच्या हातात असते. आपल्या हातात पूर्णपणे असलेला निर्णय हा चौथाच. खाते टिकणार की बुडणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. या तोट्याची कारणे अनेक असतील. पण सौद्याचा आकार हे एक कारण असे आहे, की ते दूर करायला भविष्य कळावे लागत नाही. साधा भागाकार पुरतो. तो भागाकार कसा करायचा आणि तो कुठे फसवतो, हे या लेखात पाहू.

हा हिशेब ज्या सौद्यांत तोट्याची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असते त्यांनाच लागू होतो. नुसता कॉल किंवा पुट विकला, तर तोटा कुठवर जाईल ते सांगता येत नाही. पण एक ऑप्शन विकून त्याच एक्स्पायरीचा दुसरा, थोडा दूरचा ऑप्शन विकत घेतला, की तोट्याला तळ मिळतो. याला स्प्रेड म्हणतात. विमा कंपनी लोकांना विमा विकते आणि मोठ्या आपत्तीचा भार पेलण्यासाठी स्वतः दुसऱ्या कंपनीकडून पुनर्विमा घेते, तसाच हा प्रकार. विकलेल्या ऑप्शनचा प्रीमियम मिळतो, त्यातला काही भाग घेतलेल्या ऑप्शनवर खर्च होतो आणि उरलेला आपला.

एक सौदा, आकड्यांसह

समजा, निफ्टी २५,००० वर आहे. एखाद्याला वाटते की येत्या एक्स्पायरीपर्यंत तो फारसा खाली जाणार नाही. तो २४,७०० चा पुट ९८ रुपयांना विकतो आणि २४,५०० चा पुट ५८ रुपयांना घेतो. हाती येतात ४० रुपये. निफ्टीच्या ऑप्शनचा एक लॉट सध्या ६५ चा आहे. ही संख्या बाजाराच्या पातळीनुसार वेळोवेळी बदलते. २०२४ च्या मध्यावर ती २५ होती, नंतर ७५ झाली आणि जानेवारी २०२६ पासून ६५ आली. त्यामुळे हिशेब करण्याआधी लॉट किती आहे ते पाहून घ्यावे. आपल्या उदाहरणात एका लॉटमागे मिळाले ४० गुणिले ६५, म्हणजे २,६०० रुपये.

आता वाईटात वाईट काय होईल? एक्स्पायरीला निफ्टी २४,५०० वर किंवा त्याच्याही खाली बंद झाला, तर विकलेल्या पुटमुळे जेवढे द्यावे लागेल त्यातून घेतलेल्या पुटचे मिळणारे पैसे वजा होऊन फरक बरोबर २०० अंकांचा राहील. निफ्टी २४,००० वर गेला काय किंवा २२,००० वर गेला काय, हा फरक बदलत नाही. त्यातून आधी मिळालेले ४० अंक वजा केले, की उरतो १६० अंकांचा तोटा. त्याला ६५ ने गुणले की १०,४०० रुपये. हा झाला एका लॉटचा जास्तीत जास्त तोटा.

पैसे देऊन घेतलेल्या स्प्रेडचा हिशेब आणखी सोपा. जवळचा कॉल घेतला, दूरचा विकला आणि खिशातून ६० रुपये गेले, तर जास्तीत जास्त तोटा तेच ६० गुणिले लॉट. आयर्न काँडरमध्ये, म्हणजे एकाच एक्स्पायरीला खाली पुटचा आणि वर कॉलचा असे दोन स्प्रेड विकले असतील, तेव्हा दोन्ही बाजूंच्या रुंदीची बेरीज करायची नसते. एक्स्पायरीला निफ्टी एकाच बाजूला असू शकतो. म्हणून दोहोंतली जी बाजू जास्त रुंद, तिच्यातून दोन्हीकडून मिळालेला एकूण प्रीमियम वजा करायचा.

एवढे कळले की मुख्य भागाकार असा: खात्यातली रक्कम घ्या. एका सौद्यात तिचा किती टक्के भाग गेला तरी चालेल ते ठरवा. त्या रकमेला एका लॉटच्या जास्तीत जास्त तोट्याने भागा. उत्तरातला अपूर्णांक सोडून द्या. तो वरच्या पूर्णांकाकडे कधीही न्यायचा नाही.

आपल्या उदाहरणात खाते १० लाखांचे आहे आणि मर्यादा दोन टक्क्यांची, असे धरू. म्हणजे २०,००० रुपये. त्याला १०,४०० ने भागले की १.९ येतात. लॉट एकच. प्रत्यक्षात पणाला लागतात खात्याचे १.०४ टक्के. ‘जवळजवळ दोनच आहेत की’ म्हणून दोन लॉट घेतले, तर मर्यादा पहिल्याच दिवशी मोडली.

मार्जिन म्हणजे जोखीम नव्हे

बहुतेक माणसे हा भागाकार करत नाहीत, कारण त्यांच्यासमोर दुसराच आकडा असतो. ब्रोकरचे ॲप सौद्याला किती मार्जिन लागेल ते दाखवते. समजा, या स्प्रेडला एका लॉटमागे ४०,००० रुपये अडकतात. दहा लाखांच्या खात्यात २५ लॉट बसतात. ॲप हिरवा रंग दाखवते, सौदा होतो. त्या पंचवीस लॉटचा जास्तीत जास्त तोटा २ लाख ६० हजार, म्हणजे खात्याचा चौथा हिस्सा आणि वर थोडा.

मार्जिन ही क्लिअरिंग कॉर्पोरेशनने स्वतःच्या सुरक्षेसाठी मागितलेली रक्कम आहे. तुमचा सौदा फसला तर समोरच्याचे पैसे बुडू नयेत, एवढीच तिची काळजी. तुमचे खाते पुढच्या महिन्यात उभे राहील की नाही, याचे उत्तर मार्जिनमध्ये नसते आणि ते तिथे शोधूही नये. दोन्ही आकडे वेगवेगळे तपासायचे. लॉट ठरवायचे कमाल तोट्यावरून, आणि तेवढ्या लॉटना मार्जिन पुरते का ते नंतर पाहायचे.

इथे ‘खात्यातली रक्कम’ म्हणजे काय, हेही स्पष्ट हवे. अनेकांच्या खात्यात रोख कमी असते आणि तारण ठेवलेल्या शेअरवर मार्जिन मिळालेले असते. ते मार्जिन खात्याच्या रकमेत धरून टक्के काढले, तर आकडा फुगतो. शिवाय ज्या दिवशी बाजार कोसळून पुट स्प्रेड तोट्यात जातो, त्याच दिवशी तारण ठेवलेले शेअरही उतरतात. म्हणून टक्के काढायचे ते ऑप्शनसाठी वेगळ्या काढलेल्या पैशांवर, आणि चालू सौद्यांतला अजून हाती न आलेला नफा त्यात धरू नये. महिन्यातून एकदा ही रक्कम नव्याने लिहावी. खाते घटले की दोन टक्क्यांची रक्कमही घटते आणि लॉट आपोआप कमी होतात. या रीतीचा सगळ्यात मोठा गुण हाच. पडत्या काळात ती माणसाला लहान सौदे करायला लावते, आणि नेमकी त्याच वेळी माणसाला नुकसान भरून काढायला मोठा सौदा करावासा वाटत असतो.

दोन टक्केच का?

दोन हा आकडा शास्त्रात सिद्ध झालेला नाही. कोणी एक म्हणतो, कोणी तीन. पण दहा किंवा पंचवीस का नाही, याचे उत्तर मात्र गणितात आहे.

आपल्या स्प्रेडमध्ये जिंकलो तर ४० अंक मिळतात, पूर्ण हरलो तर १६० जातात. म्हणजे एक पूर्ण तोटा चार पूर्ण नफे खाऊन टाकतो. दर पाच सौद्यांत चार जिंकले तर कुठे बरोबरी होते. प्रीमियम विकणाऱ्यांचे हेच दुखणे आहे. त्यांना सवय जिंकण्याची लागते, आणि चार-सहा महिने सलग जिंकल्यावर तोटा हा अपवाद वाटू लागतो. पण पाचात एक हरण्याची शक्यता असेल आणि सौदे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर वर्षभराच्या पन्नास सौद्यांत कुठेतरी सलग तीन तोटे येण्याची शक्यता साधारण चारात एक निघते. ही काही दुर्मीळ घटना नाही. चार-पाच वर्षे हा उद्योग करणाऱ्याने ती आपल्या वाट्याला येणारच असे धरून चालावे.

आता सलग तीन पूर्ण तोटे वेगवेगळ्या आकारांवर लावून पाहू. दर सौद्यात दोन टक्के गेले तर दहा लाखांचे ९ लाख ४१ हजार उरतात. भरून काढायला सव्वासहा टक्के कमवावे लागतात. दर सौद्यात दहा टक्के गेले तर ७ लाख २९ हजार उरतात आणि ३७ टक्के कमवावे लागतात. आणि मार्जिन बघून घेतलेल्या त्या पंचवीस लॉटप्रमाणे दर वेळी २६ टक्के गेले, तर उरतात साधारण ४ लाख ५ हजार. मूळ जागी यायला आता १४७ टक्के हवेत. तिन्ही ठिकाणी अंदाज तोच, स्ट्राइक तीच, बाजार तोच. फरक फक्त चौथ्या चौकटीतल्या आकड्याचा.

४ जून २०२४

लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी या सगळ्याची परीक्षा झाली. आदल्या दिवशी, सोमवारी ३ जूनला, एक्झिट पोलच्या आकड्यांवर बाजार तीन टक्क्यांहून अधिक चढला होता आणि निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली, कल एक्झिट पोलपेक्षा वेगळे दिसू लागले आणि बाजार घसरत गेला. दिवसभरात निफ्टी २१,३०० च्याही खाली जाऊन आला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. एका दिवसात जवळजवळ सहा टक्के.

समजा, एखाद्याने सोमवारी २२,८०० चा पुट विकून २२,६०० चा घेतला होता. निफ्टीपासून साडेचारशे अंकांहून दूर. एक्स्पायरी गुरुवारी, ६ जूनला. मंगळवारी दुपारी त्याचा सौदा पूर्ण तोट्याच्या जवळ गेला असणार, कारण निफ्टी त्याच्या खालच्या स्ट्राइकपेक्षाही सातशे अंकांनी खाली होता. पडद्यावर फक्त लाल आकडा.

या क्षणी दोन माणसे कल्पून पाहा. एकाने जास्तीत जास्त तोटा खात्याच्या दोन टक्क्यांत बसवून लॉट घेतले आहेत. त्याला काही करावे लागत नाही. जे होऊ शकते ते सगळे त्याने सोमवारीच मान्य केलेले आहे. निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे त्यांची अंमलबजावणी फक्त एक्स्पायरीलाच होते. मधल्या दिवशी समोरचा कोणी हक्क बजावू शकत नाही. दुसऱ्याने पंचवीस लॉटच्या हिशेबाने सौदा केला आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर खात्याचा चौथा हिस्सा जातो आहे. तो बहुधा मिळेल त्या भावाला बाहेर पडेल, आणि अशा दिवशी खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर एवढे वाढलेले असते, की बाहेर पडणेही महागात पडते.

बुधवारी निफ्टी सावरून २२,६२०.३५ वर आला. गुरुवारी, एक्स्पायरीला, तो २२,८२१.४० वर बंद झाला. २२,८०० आणि २२,६०० हे दोन्ही पुट शून्य झाले. स्थिर बसलेल्या माणसाला पूर्ण प्रीमियम मिळाला.

यातून ‘बसून राहिले की पैसे परत येतात’ असा धडा घेणे मात्र धोक्याचे आहे. याच माणसाने दोनशे अंक वरचा, २३,००० आणि २२,८०० चा स्प्रेड विकला असता, तर त्याच गुरुवारी २०० पैकी १७८.६० अंक त्याच्या विरुद्ध गेले असते. एकाला पूर्ण नफा आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण तोटा, यातले अंतर २१ अंकांचे होते, आणि ते नशिबाचे होते. योग्य आकाराने फक्त एवढे साधते, की दोन्ही निकालांनंतर माणूस पुढच्या आठवड्यात सौदा करायला शिल्लक राहतो.

‘मी एवढा तोटा होऊच देणार नाही’

या रीतीवर नेहमीचा आक्षेप असा असतो: पूर्ण तोटा होईपर्यंत थांबतो कोण? प्रीमियमच्या दुप्पट तोटा झाला की मी बाहेर पडतो, मग हिशेब त्या तोट्यावरून का करू नये? तसा केला की दुप्पट लॉट बसतात, म्हणून तो मोहक वाटतो.

स्टॉपलॉस ठेवायला हरकत नाही. पण लॉट त्यावरून ठरवायचे नाहीत, कारण स्टॉपलॉस चालण्यासाठी बाजार चालू असावा लागतो आणि समोर कोणी घेणारा असावा लागतो. २३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यानंतर तासाभरातच दहा टक्क्यांची खालची मर्यादा लागली आणि व्यवहार ४५ मिनिटे थांबले. त्या दिवशी निफ्टी सुमारे १३ टक्के पडून बंद झाला. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास जे थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. अशा दिवशी स्टॉपलॉसची ऑर्डर नुसती पडून राहते. घेतलेला संरक्षक ऑप्शन मात्र बाजार बंद असतानाही तुमचाच असतो. तोट्याचा तळ तो राखतो, म्हणून मोजमाप त्याच्यावरून.

भागाकार कुठे फसवतो

या सूत्रात एक सूक्ष्म खोट आहे आणि ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. बाजारात भीती वाढली की ऑप्शनचे भाव चढतात. त्याच २०० अंकांच्या स्प्रेडला आता ४० ऐवजी ७० रुपये मिळतात. मग जास्तीत जास्त तोटा १३० अंकांचा, म्हणजे एका लॉटला ८,४५० रुपये. २०,००० ला त्याने भागले तर दोन लॉट येतात. शांत बाजारात एक लॉट देणारे सूत्र वादळात दोन लॉट घ्यायला सांगते. भाव जास्त मिळतो आहे याचा अर्थच पूर्ण तोट्याची शक्यता वाढली आहे, पण सूत्राला तोट्याची रक्कम कळते, शक्यता कळत नाही.

यावर साधा उपाय असा, की भागाकारात मिळालेला प्रीमियम वजा करायचाच नाही. स्प्रेडची पूर्ण रुंदी धरायची. २०० गुणिले ६५, म्हणजे १३,०००. मग शांत दिवशीही एक लॉट आणि भीतीच्या दिवशीही एकच. प्रीमियम जास्त मिळाला तर तो गादी म्हणून उरतो, आणि ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी या खर्चांनाही त्यात जागा मिळते.

दुसरी फसगत रुंदीची. २०० अंकांच्या एका स्प्रेडऐवजी १०० अंकांचे अरुंद स्प्रेड घेतले तर लॉट जास्त बसतात. २४,६०० चा पुट ७६ रुपयांना असेल, तर २४,७०० विकून २४,६०० घेतल्यावर २२ रुपये मिळतात आणि एका लॉटचा जास्तीत जास्त तोटा ५,०७० येतो. याचा एक फायदा खरा आहे. तीन लॉट असले की खाते घटल्यावर दोन करता येतात. एकाचा अर्धा करता येत नाही. पण २०० अंकांच्या स्प्रेडमध्ये पूर्ण तोटा व्हायला निफ्टी २४,५०० पर्यंत जावा लागतो, तर अरुंद स्प्रेडमध्ये २४,६०० लाच सगळे जाते. दोन सौद्यांचा कमाल तोटा कागदावर सारखा असला, तरी अरुंद सौद्यात तो अधिक वेळा पूर्ण होतो. ज्याला अरुंद स्प्रेड घ्यायचे असतील त्याने मर्यादा दोन टक्क्यांच्या थोडी खालीच ठेवावी.

तिसरी फसगत बेरजेची. दोन टक्के एका सौद्याला, म्हणून एकाने निफ्टीत एक, बँक निफ्टीत एक आणि दोन मोठ्या बँकांच्या शेअरमध्ये एकेक असे चार पुट स्प्रेड विकले. त्याला वाटते की जोखीम चार ठिकाणी वाटली. पण एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या दोन्ही निर्देशांकांत वजनदार आहेत. ४ जून २०२४ ला निफ्टी सहा टक्के पडला तेव्हा बँक निफ्टी जवळजवळ आठ टक्के पडला. ते चार सौदे नव्हते, आठ टक्क्यांचा एकच सौदा होता. म्हणून दुसरी मर्यादाही हवी: एकाच दिशेला पैज लावणाऱ्या सगळ्या चालू सौद्यांचा जास्तीत जास्त तोटा मिळून खात्याच्या पाच-सहा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

तळ केव्हा निसटतो

‘मर्यादित तोटा’ हे वचन दोन्ही पाय जागेवर असेपर्यंतच खरे असते. सौदा करताना आधी खरेदी, मग विक्री. सोडताना आधी विकलेला पाय परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. काही जण एक्स्पायरीच्या दिवशी संरक्षक पुटचे उरलेसुरले तीन-चार रुपये वाचवायला तो आधी विकून टाकतात. त्या क्षणी नुसता विकलेला पुट उरतो, मार्जिन कित्येक पटींनी वाढते आणि आपण मांडलेला सगळा हिशेब रद्द होतो.

शेअरवरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक पेच आहे. निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो. पण ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरचे सगळे ऑप्शन प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटवले जातात. एक्स्पायरीला भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला, तर विकलेल्या पुटमुळे लॉटभर शेअर विकत घ्यावे लागतात आणि संरक्षक पुट निरुपयोगी झालेला असतो. कागदावर दहा-बारा हजारांची जोखीम होती, आणि आता खात्यात काही लाखांचे शेअर येणार, ज्यांचा भाव उद्या कुठेही उघडू शकतो. म्हणून शेअरवरचे स्प्रेड एक्स्पायरीपर्यंत नेऊ नयेत. काही दिवस आधीच मिटवावेत.

तळ निसटण्याची तिसरी वाट मनातून जाते. सौदा तोट्यात गेला की तो बंद करून पुढच्या एक्स्पायरीला तसाच, पण जास्त लॉटचा, स्प्रेड विकायचा आणि ‘सौदा पुढे नेला’ म्हणायचे. झालेला तोटा त्यामुळे पुसला जात नाही. तो खात्यातून गेलेला असतो. पुढचा स्प्रेड हा नवा सौदा आहे. त्याचे टक्के घटलेल्या खात्यावर नव्याने काढावेत आणि लॉट त्यातून येतील तेवढेच घ्यावेत.

लहान खाते

सगळ्यात अवघड प्रसंग लहान खात्याचा. दोन लाखांचे खाते असेल तर दोन टक्के म्हणजे ४,००० रुपये. २०० अंकांचा स्प्रेड १३,००० चा, १०० अंकांचा ६,५०० चा. दोन्हींत उत्तर शून्य येते. निफ्टीच्या स्ट्राइक पन्नास अंकांच्या अंतराने असतात. त्यामुळे सर्वांत अरुंद स्प्रेड ५० अंकांचा, त्याची पूर्ण रुंदी ३,२५०. हा एक लॉट बसतो. पण त्यात मिळणारा प्रीमियम समजा १२ रुपये, म्हणजे लॉटमागे ७८० रुपये. दोन ऑप्शन घ्यायचे-विकायचे आणि पुन्हा मिटवायचे, म्हणजे चार ऑर्डर. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज धरले, तर ८० रुपये तिथेच गेले, आणि कर वेगळे. मिळकतीचा दहा टक्क्यांहून मोठा भाग खर्चात जातो, आणि तोही सौदा जिंकला तर.

अशा खात्यापुढे प्रामाणिक पर्याय दोनच आहेत. भांडवल वाढेपर्यंत हे सौदे कागदावर करायचे, किंवा खर्च वजा जाता हाती काय उरते हे पुरते समजून ५० अंकांचा एकच लॉट घ्यायचा. ‘लहान खाते आहे, म्हणून पहिल्यांदा दहा टक्के चालतील’ हा तिसरा पर्याय फार प्रचलित आहे, आणि सलग तीन तोट्यांचा वरचा हिशेब त्याच्यासाठीच मांडला आहे.

ऑर्डर टाकण्याआधी वहीत एक ओळ लिहावी: खात्याची रक्कम, दोन टक्क्यांचा आकडा, स्प्रेडची रुंदी गुणिले लॉट, भागाकाराचे उत्तर, आणि त्याच दिशेच्या चालू सौद्यांची बेरीज. लिहायला दोन मिनिटे लागतात. ज्या दिवशी भागाकाराचे उत्तर एकाहून कमी येईल, त्या दिवशी स्ट्राइक कितीही मनाजोगती असो, सौदा करायचा नाही. शून्य लॉट हेही याच रीतीने काढलेले उत्तर आहे, आणि ते बाकीच्या उत्तरांइतकेच पाळायचे.